एका चटणीच्या पुड्यावरून: विधी अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विधी अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य
आणि नियामक कायद्याच्या प्रश्नपत्रिका काढणारे प्राध्यापक यांस

सादर नमस्कार.

मी सोलापुरात वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस विधी महाविद्यालयात नियामक कायदा शिकवते. अन्नविषयक कायद्यावर माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत बहुधा दोन प्रश्न येतात. एक असतो ‘कोडेक्स अॅलिमेंटारियस आयोगावर टीप लिहा’ असा, आणि दुसरा ‘अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 31 अन्वये परवाना व नोंदणी यांतील फरक स्पष्ट करा’ असा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे मुले चांगली लिहितात. तरीही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात म्हणून त्यांच्यामधला कायदा कोणी वाचतच नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ज्या प्रकरणामुळे हे मत पक्के झाले ते आधी सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. आमच्या जिल्ह्यातील पाच महिलांचा एक बचत गट शेंगदाण्याची चटणी करतो. दिवसाला तीसेक किलो चटणी होते, वर्षाची उलाढाल सात-आठ लाखांची आहे, आणि पुड्यावर नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने एका दुकानातून या चटणीचा नमुना घेतला आणि अन्न विश्लेषकाने अहवाल दिला की त्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे एकूण प्रमाण दर किलोस 14 मायक्रोग्रॅम आहे, मर्यादा 10 आहे, म्हणून अन्न असुरक्षित. महिलांनी तो कागद ओळखीच्या एका नव्या वकिलाला दाखवला. त्याने त्यांना धीर दिला की तुमची नुसती नोंदणी आहे, परवाना नाही, त्यामुळे फार तर पंचवीस हजारांचा दंड होईल, नोटीस येईपर्यंत थांबा. त्या थांबल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा अपिलाच्या तीस दिवसांपैकी चार दिवस उरले होते.

त्या वकिलाला मी दोष देत नाही. त्याने परीक्षेत लिहिलेलेच उत्तर त्यांना सांगितले होते.

नोंदणीपासून सुरुवात करू. कलम 31 चे पोटकलम (1) म्हणते की परवान्याशिवाय अन्न व्यवसाय करता येणार नाही. पोटकलम (2) त्यातून स्वतः पदार्थ बनवून विकणारे छोटे उत्पादक, किरकोळ विक्रेते, फेरीवाले, तात्पुरते ठेले लावणारे, कुटीरोद्योग अशांना वगळते, पण त्यांनी नोंदणी केली पाहिजे, असेही सांगते. नोंदणीची हद्द 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांनी ठरवली. त्यांच्या मूळ मजकुरात ती वार्षिक उलाढाल बारा लाखांपर्यंत ‘आणि/किंवा’ उत्पादनक्षमता दिवसाला 100 किलो वा लिटरपर्यंत अशी होती. या ‘आणि/किंवा’ वर चांगला प्रश्न होऊ शकेल, कारण उलाढाल आठ लाखांची पण क्षमता दीडशे किलोची असलेला उत्पादक नेमका कोठे बसतो हे मजकुरावरून नि:संदिग्ध ठरत नाही. आमच्या गटापुरती ती अडचण नव्हती. नोंदणीचा अर्ज सात दिवसांत मंजूर झाला नाही, नाकारला गेला नाही किंवा तपासणीचा आदेशही निघाला नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर व्यवसाय सुरू करता येतो, हेही त्याच विनियमांत आहे. ते मुलांना पाठ असते.

मात्र पोटकलम (2) मधली सूट फक्त दारापुरती आहे. व्यवसायात शिरताना परवान्याऐवजी नोंदणी पुरते, एवढाच तिचा अर्थ आहे. आत गेल्यावर पदार्थाला लागणारे मानक सर्वांना सारखेच असते. कलम 20 सांगते की विनियमांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दूषित द्रव्य किंवा नैसर्गिकरीत्या तयार होणारे विष कोणत्याही अन्नपदार्थात असता कामा नये. कलम 26 असुरक्षित अन्न बनवण्यास व विकण्यास मनाई करते. या दोन्ही कलमांत छोट्या-मोठ्यांचा भेद नाही. पंचवीस हजारांची मर्यादा कायद्यात आहे हे खरे, पण ती कलम 50 च्या परंतुकात, म्हणजे मागितलेल्या प्रकारचा, सत्त्वाचा किंवा दर्जाचा पदार्थ न दिल्याबद्दलच्या शास्तीपुरती आहे. परवान्याशिवाय व्यवसाय केल्याबद्दलच्या कलम 63 मधूनही नोंदणीवाल्यांना स्पष्ट वगळले आहे. असुरक्षित अन्नाबद्दलच्या कलम 59 मध्ये मात्र त्यांच्यासाठी अशी वेगळी ओळ नाही, आणि तेथे कारावास आहे. मर्यादेपेक्षा जास्त दूषित द्रव्य असलेले अन्न ‘असुरक्षित’ ठरते, हे कलम 3 मधल्या व्याख्येतच लिहिले आहे. म्हणजे सल्ला चुकला तो कलम 31 न समजल्यामुळे चुकला नाही. ते कलम एकटेच वाचल्यामुळे चुकला.

आता 10 हा आकडा कोठून आला ते पाहू, कारण आपला पहिला प्रश्न, कोडेक्सचा, इथेच लागतो.

अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारा कोडेक्स आयोग 1963 साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून सुरू केला आणि भारत 1964 पासून त्याचा सदस्य आहे. त्याची मानके ऐच्छिक आहेत. 1995 पासून मात्र जागतिक व्यापार संघटनेच्या अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींचे आरोग्य यांविषयीच्या एसपीएस कराराने त्यांना वजन दिले. एखाद्या देशाची अन्नविषयक उपाययोजना कोडेक्सशी जुळत असेल, तर ती कराराशी सुसंगत आहे असे अनुच्छेद 3.2 प्रमाणे गृहीत धरले जाते, आणि त्याहून कडक असेल, तर अनुच्छेद 3.3 प्रमाणे शास्त्रीय समर्थन द्यावे लागते. इतके बहुतेक उत्तरपत्रिकांत असते. त्यापुढचे वाक्य ‘म्हणून कोडेक्स भारतावर बंधनकारक आहे’ असे येते आणि उत्तर तिथेच घसरते. कोडेक्सचा आकडा स्वतःहून कोणाच्याही पुड्यापर्यंत पोहोचत नाही. अधिनियमाचे कलम 16 भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला सांगते की आंतरराष्ट्रीय आणि देशी मानकांत मेळ घालावा, मात्र देशातील संरक्षणाची पातळी खाली येऊ देऊ नये. कलम 18 सांगते की मानक ठरवताना देशातील प्रचलित पद्धती, शेती, साठवण आणि वाहतुकीची परिस्थितीही पाहावी, आंतरराष्ट्रीय मानकेही पाहावीत, आणि मानक जोखमीच्या विश्लेषणावर उभे असावे. या दोन कलमांतून विनियम होतो, आणि विनियमातला आकडा झाला की तो कायदा.

शेंगदाण्याच्या बाबतीत हे फार छान दिसते. दूषित द्रव्यांविषयीच्या कोडेक्सच्या सर्वसाधारण मानकात पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा दर किलोस 15 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या दूषित द्रव्ये, विषे व अवशेष विनियमांतही कवचफळे आणि तेलबिया या दोन्हींसाठी पुढील प्रक्रियेला 15 आणि खाण्यास तयार स्थितीत 10 अशा दोन पायऱ्या आहेत. त्यामुळे शेंगदाणा कोणत्या रकान्यात घालायचा हा वाद इथे निरर्थक ठरतो. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे एक अब्ज भागांत दहा भाग. डोळ्याला, जिभेला किंवा नाकाला ते कळणे शक्य नाही.

या दोन पायऱ्यांमधले पाचाचे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. ते प्रक्रिया करणाऱ्याच्या कामासाठी आहे. पुढील प्रक्रिया म्हणजे निवड, भाजणे, साल काढणे असे काम, ज्याने दूषिताचे प्रमाण खाली येईल. अफ्लाटॉक्सिन भाजल्याने थोडे घटते, जात नाही, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. ते सर्वांत जास्त घटते ते निवडण्याने, कारण पोत्यातल्या हजारो दाण्यांपैकी थोडेच बुरशीने धरलेले असतात आणि जवळजवळ सगळे विष त्या थोड्या दाण्यांत असते. गटाच्या जागी मी गेले तेव्हा सगळ्यांत वयस्कर बाई पांढऱ्या कापडावर दाणे पसरून निवडत होत्या. सुरकुतलेले, काळपट पडलेले, फुटके, टोकाशी हिरवट-करडी लव असलेले दाणे बाजूला काढत होत्या. मला म्हणाल्या, “एक खवट दाणा गेला ना ताई, तर सबंध घाणा खवट होतो.” खवटपणा तेलाच्या बिघाडाने येतो आणि अफ्लाटॉक्सिनला चव नसते, पण सुरकुतलेल्या आणि खराब झालेल्या दाण्यातच दोन्हींचा धोका जास्त असल्यामुळे त्यांचा हात बरोबर जागी जात होता. सणासुदीच्या मागणीत मात्र निवडणे आटोपते घेतले होते, आणि दाणे पावसाळ्यात ओल आलेल्या खोलीत पडून होते, हेही त्यांनी लपवले नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे. नोंदणी मिळवताना या महिलांनी ज्या अटी मान्य केल्या त्या परवाना विनियमांच्या अनुसूची 4 च्या पहिल्या भागातल्या आहेत. त्या जागा स्वच्छ ठेवणे, पिण्यायोग्य पाणी वापरणे, भांडी धुणे, आजारी व्यक्तीने अन्न न हाताळणे, कचरा झाकणे अशा स्वरूपाच्या आहेत. त्यांतली प्रत्येक अट हा गट पाळत होता. जागा लखलखीत होती. पण अफ्लाटॉक्सिन जागेच्या अस्वच्छतेतून येत नाही, ते कच्च्या मालातून येते. शेतात पाण्याचा ताण पडला, काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत किंवा गोदामात ओल आली की ते तयार होते. कोडेक्सच्या अन्नस्वच्छतेच्या सर्वसाधारण तत्त्वांची 2020 साली सुधारणा झाली, तेव्हा छोट्या आणि कमी साधनांच्या व्यवसायांना पूर्ण धोका-विश्लेषणाची यंत्रणा उभारता येणार नाही हे मान्य करून त्यांत मधली वाट ठेवली गेली. सर्व चांगल्या सवयी पाळाव्यात, पण आपल्या पदार्थात धोका ज्या पायरीवर अडतो ती एखादी सवय ओळखून तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे, तिची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. शेंगदाण्याच्या चटणीत ती पायरी म्हणजे निवडणे आणि कोरडी साठवण. आपण कोडेक्सकडून आकडा घेतला, पण छोट्या उत्पादकाने तो आकडा कसा गाठावा ही त्याच कोडेक्सने दिलेली वाट नोंदणीच्या अटींत तितक्या ठळकपणे आणली नाही, असे माझे म्हणणे आहे. हे मत चुकीचे असू शकेल, पण त्यावर विद्यार्थ्याने साधक-बाधक लिहावे इतका तो प्रश्न जिवंत नक्कीच आहे.

नमुन्याची गोष्टही अशीच आहे. शेंगदाण्यातले विष काही दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून कोडेक्सने मर्यादेबरोबर नमुना घेण्याची योजनाही दिली आहे आणि तीत पुढील प्रक्रियेच्या शेंगदाण्याचा एकत्रित नमुना 20 किलोंचा आहे. आपल्याकडे 2011 च्या नियमांप्रमाणे अधिकारी काही शे ग्रॅमचा नमुना घेऊन त्याचे चार भाग करतो. चटणी कुटलेली असल्यामुळे एका घाण्यातले विष बऱ्यापैकी सारखे मिसळते, त्यामुळे हा आक्षेप आख्ख्या दाण्याइतका जोरदार नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण आठवड्याच्या मालातला एक घाणा वाईट निघाला म्हणून सगळा माल वाईट, असे मानायचे का? कलम 26 चे पोटकलम (5) म्हणते की असुरक्षित अन्न ज्या घाण्याचा किंवा लॉटचा भाग असेल तो सगळा असुरक्षित धरला जाईल, मात्र सविस्तर तपासणीत उरलेला भाग तसा नसल्याचे दिसले तर नाही. त्यामुळे पुड्यावर घाण्याचा क्रमांक आहे की नाही, यावर गटाचे किती नुकसान होईल हे ठरते. आमच्या गटाने क्रमांकच टाकला नव्हता. नुसती तारीख होती, आणि एका तारखेला चार-पाच घाणे निघत.

बचाव कोठे आहे? एसपीएस करारात नाही. तो सदस्य देशांमधला करार आहे, सोलापूरच्या बचत गटाला फौजदारी न्यायालयात अनुच्छेद 3.3 वाचून दाखवता येणार नाही. कलम 18 चा आधार विनियमाच्या वैधतेला उच्च न्यायालयात आव्हान देताना घेता येईल, पण त्यासाठी 10 ही मर्यादा जोखमीच्या विश्लेषणावर आधारलेली नाही हे दाखवावे लागेल, आणि अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो हे शास्त्रीयदृष्ट्या इतके प्रस्थापित आहे की मी कोणत्याही पक्षकाराला त्या वाटेने जायला सांगणार नाही. चटणी हा मिश्र पदार्थ आहे, त्यात मिरची, लसूण, मीठ आहे, म्हणून तो ‘खाण्यास तयार’ कवचफळ किंवा तेलबी या रकान्यात बसतो का, हा युक्तिवाद करता येतो आणि 14 हा आकडा 10 आणि 15 च्या मध्ये पडत असल्यामुळे तो महत्त्वाचाही आहे. पण चटणीत ऐंशी टक्क्यांहून जास्त शेंगदाणा असताना आणि पुडा फोडून ती सरळ भाकरीबरोबर खाल्ली जात असताना तो टिकेल असे मला वाटत नाही.

खरा बचाव कलम 80 मध्ये आहे. आपण वाजवी सावधगिरी आणि योग्य ती दक्षता घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, हे दाखवता आले पाहिजे. दुसरा म्हणजे इथे शेंगदाण्याचा व्यापारी. कलम 26 च्या पोटकलम (4) प्रमाणे माल विकणाऱ्याने दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि विक्रीचे बिल किंवा पावती हीच हमी समजली जाते. त्या पाच जणींकडे गेल्या दोन वर्षांचे एकही बिल नव्हते. आडतीवर रोखीने पोते घ्यायचे, चिठ्ठीवर वजन आणि भाव लिहून मिळायचा, त्या चिठ्ठीवर दुकानाचे नावही नसायचे. बिल मागितले तर भाव वाढतो, असे त्यांचे उत्तर होते, आणि ते खोटे नव्हते.

उरलेल्या चार दिवसांत कलम 46 च्या पोटकलम (4) खाली पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपील दाखल केले, म्हणजे नमुन्याचा राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. नमुना घेताना चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी विनंती कलम 47 प्रमाणे करता आली असती. ती करता येते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हे सगळे सांगून मी आपल्याकडे जे मागते ते फार नाही. कोडेक्सची टीप आणि कलम 31 चा फरक हे दोन सुटे प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावेत आणि त्यांच्या जागी एक प्रकरणाधारित प्रश्न द्यावा. नोंदणीधारक छोटा उत्पादक, त्याच्या पदार्थात दूषित द्रव्याचे प्रमाण, कोडेक्सची मर्यादा आणि विनियमाची मर्यादा, बिल आहे किंवा नाही, अहवाल कोणत्या तारखेला मिळाला, एवढी माहिती द्यावी. कलमे 16, 18, 20, 26, 31, 46, 47, 50, 59 आणि 80 यांचा मूळ मजकूर प्रश्नपत्रिकेलाच जोडावा, म्हणजे पाठांतराचे गुण उरणार नाहीत. मग विचारावे की या व्यक्तीला कोणते मानक लागू होते व का, कोणते कलम लागू होत नाही व का, आणि आज तिने काय करावे. शेवटच्या उपप्रश्नाला सर्वांत जास्त गुण असावेत. अपिलाची मुदत ज्याला दिसली नाही त्याचे बाकीचे उत्तर कितीही सुंदर असले, तरी त्याला पूर्ण गुण मिळू नयेत, असे मला मनापासून वाटते.

शेंगदाणा नको असेल तर दुसरे पदार्थ आहेत. दूध, मांस यांना विनियमांत वेगळ्या क्षमता लावल्या आहेत, रस्त्यावरच्या खाद्यविक्रीसाठी कोडेक्सची आशियापुरती वेगळी संहिता 2017 पासून आहे, आणि आशियाच्या समन्वय समितीची सप्टेंबर 2019 ची बैठक तर गोव्यातच झाली होती. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मानके म्हणजे फक्त निर्यातदारांची बाब, ही समजूत काढून टाकायला आपल्या हाताशी उदाहरणे भरपूर आहेत.

असा एक प्रश्न मी आदर्श उत्तराच्या मुद्द्यांसह तयार केला आहे. अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीची तारीख कळवल्यास तो घेऊन मी स्वखर्चाने येईन. संदर्भ प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही. गटाने तोवर पुड्यावर घाण्याचा क्रमांक टाकायला सुरुवात केली आहे, निवडून काढलेल्या दाण्यांचे रोजचे वजन महिला वहीत लिहितात, आणि गेल्या तीन पोत्यांचे बिल त्यांनी भाव थोडा जास्त देऊन का होईना, पण घेतले आहे.

आपली विश्वासू,
एक वकील आणि अध्यापिका, सोलापूर